घडाचं वजन, फण्या आणि टॉलरन्स ०.०७ : फण्या मॉडेलमध्ये ठेवू की काढू?

केळीपान (यावल)

नमस्कार मंडळी. कृषीच्या एम.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू आहे. प्रबंधासाठी मामांच्या बागेतल्या ग्रँड नैनच्या ६० झाडांची मोजणी केली, ३० मृगबागेतली आणि ३० कांदेबागेतली. निसवणीच्या वेळी उंची, बुंध्याचा घेर आणि हिरवी पानं मोजली. घड कापताना फण्या, एकूण केळी आणि वजन घेतलं. घडाचं वजन कशाकशावर अवलंबून आहे, हे मला मल्टिपल रिग्रेशनने सांगायचं आहे.

निकाल असा आला :

```
         b       SE       t     Tolerance
unchi   0.012   0.022    0.54    0.34
gher    0.22    0.078    2.82    0.31
pane    0.45    0.236    1.91    0.72
fanya  -0.62    0.82    -0.76    0.07
keli    0.085   0.0454   1.87    0.07
```

R² ०.६८ आहे, एफ २३.३ आहे, म्हणजे मॉडेल एकूण चांगलं दिसतं. पण फण्यांचा गुणांक उणे आला. एक फणी वाढली की घड सहाशे ग्रॅमने हलका होतो, हे मामांना सांगितलं तर ते मला बागेत पाऊल ठेवू देणार नाहीत. आणि नुसतं फण्या आणि वजन पाहिलं तर सहसंबंध चांगला धन आहे. मार्गदर्शक म्हणाले, "मल्टिकोलिनिअॅरिटी आहे, टॉलरन्स बघ आणि काय ते ठरव." टॉलरन्स बघितला. ठरवायचं कसं ते कळत नाही.

आकडेमोडे (जळगाव)

सोपं आहे. टॉलरन्स ०.१ च्या खाली गेला की तो चल काढून टाकायचा. तुमचे दोन चल खाली आहेत, फण्या आणि केळी. दोन्ही काढा आणि पुन्हा चालवा. नाहीतर सगळे चल स्टँडर्डाइज करून घ्या, म्हणजे प्रत्येकातून सरासरी वजा करून एसडीने भागायचं. त्याने मल्टिकोलिनिअॅरिटी जाते. मी माझ्या एमबीएच्या प्रोजेक्टमध्ये तसंच केलं होतं.

रावेरचा शेतकरी

ताई, टॉलरन्सचं म्हणाल तर करप्याला पूर्ण दाद न देणारी जात आमच्या बागेत तरी नाही. ग्रँड नैनवर करपा येतोच. पानं कमी झाली की घड भरत नाही, तुमच्या यादीत पानं आहेत ते बरोबर केलंत. रोगट पानं वेळेवर कापून बागेबाहेर न्या. निसवणीला १२ पानं तरी हिरवी हवीत.

केळीपान

दादा, हा टॉलरन्स रोगाचा नाही, आकडेशास्त्रातला आहे. पण पानांबद्दल सांगितलंत ते उपयोगी आहे, माझ्याकडे ११ ते १६ अशी नोंद आहे. एक विचारते : तुमच्याकडे खालच्या फण्या कापतात का?

रावेरचा शेतकरी

हो, आता बरेच जण कापतात. केळफूल मोडताना वरच्या आठ किंवा नऊ फण्या ठेवायच्या, खालच्या बारीक फण्या काढून टाकायच्या. राहिलेली केळी जाड होतात आणि लांबी सारखी येते. बाहेर जाणाऱ्या मालाला तसंच लागतं. तुमच्या मामांच्या बागेत?

केळीपान

मामा कापत नाहीत. सगळे घड जसे निसवले तसेच.

तापीकाठ (भुसावळ)

तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केळीपान, आधी टॉलरन्स हाताने काढून बघ. घडाचं वजन बाजूला ठेव, त्याचा इथे काही संबंध नाही. फण्यांनाच उत्तर मान आणि उंची, घेर, पानं, केळी या चारांवरून फण्या किती सांगता येतात ते बघ :

```r
m <- lm(ghad ~ unchi + gher + pane + fanya + keli, data = d)
1 / car::vif(m)

1 - summary(lm(fanya ~ unchi + gher + pane + keli,
               data = d))$r.squared
```

शेवटच्या ओळीतून फण्यांसाठी ०.०७ येईल. फण्यांमधला जो फरक झाडागणिक दिसतो, त्यातला ९३ टक्के बाकीच्या चौघांनी आधीच सांगून टाकला आहे. फण्यांचा स्वतःचा असा फरक ७ टक्केच उरला. आणि रिग्रेशन फण्यांचा गुणांक काढतं तो फक्त त्या ७ टक्क्यांवरून. "बाकी सगळं सारखं ठेवून एक फणी वाढली तर" हे वाक्य आपण सहज लिहितो, पण तुझ्या ६० झाडांत केळी तेवढीच आणि फणी मात्र एक जास्त, अशी झाडं आहेत तरी किती? कागदावर बघ. नऊ फण्यांचे जेवढे घड असतील ते वेगळे काढ आणि केळी मोज.

त्याचा परिणाम स्टँडर्ड एररवर होतो. एररमध्ये भर पडते ती टॉलरन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. १ भागिले ०.०७ म्हणजे सुमारे १४.३, हाच व्हीआयएफ, आणि त्याचं वर्गमूळ ३.८. फण्या बाकीच्यांपासून पूर्ण मोकळ्या असत्या आणि उरलेली चूक एवढीच असती, तर एरर ०.८२ ऐवजी ०.२२ आली असती. आता −०.६२ च्या दोन्ही बाजूंना दोन एरर मोज : −२.२६ पासून +१.०२ पर्यंत. म्हणजे फणीने वजन घटतं असं तुझा डेटा म्हणतच नाही. "मला सांगता येत नाही" असं तो म्हणतो आहे. उणे चिन्हावर घाबरू नकोस आणि त्याच्यावर प्रबंधात परिच्छेदही लिहू नकोस.

आकडेमोडे, आपलं अर्धं बरोबर आहे. ०.१ ची रेघ बरेच लोक वापरतात, काही ०.२ ची वापरतात. पण दोन्ही काढायचे नाहीत. फण्या आणि केळी एकमेकांमुळे खाली गेले आहेत. एक काढला की दुसऱ्याचा टॉलरन्स आपोआप वर येतो. म्हणून एका वेळी एकच काढावा आणि पुन्हा बघावं. दोन्ही काढले तर घडाच्या आकाराची सगळी माहितीच गेली, मग घेर आणि पानं त्यांचं श्रेय ओढून घेतील.

स्टँडर्डाइज करून इथे काही होणार नाही. सहसंबंध मोजमापाच्या एककावर अवलंबून नसतो, म्हणून टॉलरन्सही तोच राहतो. सरासरी वजा करण्याचा उपयोग होतो तो चलाचा वर्ग किंवा दोन चलांचा गुणाकार मॉडेलमध्ये असेल तेव्हा. घेर आणि घेराचा वर्ग एकत्र घातले तर टॉलरन्स कोसळतो, कारण ६० ते ८० सेंमीच्या पट्ट्यात दोन्ही जवळजवळ एका रेषेत चालतात. सरासरी वजा करून वर्ग केला तर तो भाग सुटतो. आपल्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक तसंच काही असावं.

आकडेमोडे

बरोबर, माझ्याकडे जाहिरात खर्च आणि त्याचा वर्ग होता. मी तो नियम सगळीकडे लावत होतो. टॉलरन्सचे आकडे तपासले, साध्या चलांचे स्टँडर्डाइज करण्याआधी आणि नंतर अगदी तेच आहेत. धन्यवाद सर.

केळीपान

सर, नऊ फण्यांचे १९ घड वेगळे काढले. सर्वांत कमी केळी १३९, सर्वांत जास्त १६१. बाकीचे सगळे मध्ये. म्हणजे नऊ फण्या म्हटलं की दीडशेच्या आसपास केळी ठरलेलीच. फण्या आणि केळींचा सहसंबंध ०.९६ आहे. हे मोजणीच्या वहीत माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण रिग्रेशन चालवताना लक्षात आलं नाही.

एकेक काढून पाहिलं. फण्या काढल्या तर R² ०.६८३ वरून ०.६८० झाला, केळींचा टॉलरन्स ०.५२ वर आला, गुणांक ०.०८५ चा ०.०५३ झाला आणि त्याची एरर ०.०४५ वरून ०.०१६ वर आली. टी ३.२५. केळी काढली आणि फण्या ठेवल्या तर फण्यांचा गुणांक +०.८१, एरर ०.३०, टी २.६८, R² ०.६६. चिन्ह पलटलं!

मग फण्या काढून टाकते, काम झालं ना?

तापीकाठ

थांब जरा. तू काढून टाकलंस म्हणजे प्रश्न बदललास. फण्यांशिवायच्या मॉडेलमधला ०.०५३ हा "फण्या तेवढ्याच ठेवून एक केळ वाढलं तर" असा नाही. केळं वाढतं तेव्हा त्याच्याबरोबर साधारण ज्या प्रमाणात फण्या वाढतात, त्या सगळ्याचा मिळून तो आकडा आहे. तसंच +०.८१ हा "एक फणी आणि तिच्याबरोबर येणारी सतरा-एक केळी" असा आहे. शेतकरी फणीबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मनात हाच अर्थ असतो. म्हणून तुझ्या मामांना +०.८१ पटेल आणि −०.६२ पटणार नाही. दोन्ही आकडे एकाच डेटातून आले आहेत, त्यांनी उत्तरं मात्र दोन वेगळ्या प्रश्नांना दिली आहेत.

आता −०.६२ चा प्रश्न काय होता तो बघ. एकूण केळी १५० च आणि फणी एक जास्त, म्हणजे प्रत्येक फणीत केळी कमी. हा प्रश्न अगदीच निरर्थक नाही, बागायतीच्या दृष्टीने त्याला अर्थ असू शकतो. पण तुझ्या बागेत तशी झाडं नाहीत म्हणून उत्तर धुरकट आलं.

माझा सल्ला : एकूण केळीऐवजी प्रत्येक फणीमागे सरासरी केळी किती, हा चल कर आणि फण्यांबरोबर तो ठेव. घड मोठा होण्याचे दोन रस्ते, फण्या जास्त किंवा फणी भरदार. असे दोन चल एकमेकांपासून बरेच मोकळे होतात.

कपाशीवाला मास्तर (शिरपूर)

या धाग्यात मलाही विचारायचं आहे. आमच्या शाळेच्या प्रकल्पात मुलांनी कपाशीच्या उत्पादनावर जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचा पाऊस आणि चार महिन्यांचा एकूण पाऊस असे पाच चल घातले. एसपीएसएसमध्ये Analyze, मग Regression, Linear, Statistics मधून Collinearity diagnostics वर खूण केली. एक महिना मॉडेलमधून गायबच झाला, खाली Excluded Variables मध्ये टॉलरन्स .000 दाखवतो. आमच्या पर्जन्यमापकात बिघाड आहे की काय?

तापीकाठ

मास्तर, मापक ठीक आहे. एकूण पाऊस ही त्या चारांचीच बेरीज आहे, त्यात नवीन काही नाही. टॉलरन्स पूर्ण शून्य. तिथे एररचं सोडा, गुणांक एकमेव असा काढताच येत नाही, म्हणून प्रोग्राम एक चल बाहेर ठेवतो. कोणता ठेवतो यावरून काही अर्थ काढू नका. बेरीज काढून टाका, किंवा फक्त बेरीज ठेवा. हे केळीपानच्या गोष्टीपेक्षा वेगळं प्रकरण आहे : तुमच्याकडे आपणच तयार केलेली पुनरावृत्ती आहे, तिच्याकडे झाडाने केलेली.

आणि मुलांना एक गंमत दाखवा. पाचही चलांचे दोन-दोनाचे सहसंबंध काढा. कदाचित एकही ०.९ च्या वर नसेल, तरी टॉलरन्स शून्य. दोघा-दोघांची तोंडं बघून हे कळत नाही. चौघं मिळून पाचव्याला सांगतात, ते टॉलरन्सलाच दिसतं.

कपाशीवाला मास्तर

काढले. सर्वांत मोठा ०.७१ आहे. उद्या वर्गात हेच घेतो.

मॉडेलवाली (पुण्यात, मूळची अमळनेरची)

चल काढण्यापेक्षा रिज रिग्रेशन का नाही? होर्ल आणि केनार्ड यांनी १९७० मध्ये नेमकी याच दुखण्यावर मांडलेली पद्धत आहे. गुणांक थोडे शून्याकडे ओढले जातात, पण स्थिर होतात. आम्ही कामात हेच वापरतो, टॉलरन्स बघतही नाही.

तापीकाठ

तुमचं काम अंदाज बांधण्याचं असेल तर बरोबर आहे. तिला प्रबंधात गुणांकाचा अर्थ सांगायचा आहे आणि त्याची सार्थकता तपासायची आहे. रिजचे गुणांक मुद्दाम एका बाजूला झुकवलेले असतात, त्यांच्यावर नेहमीचा टी लावता येत नाही. शिवाय तो ९३ टक्क्यांचा गुंता रिजने सुटत नाही, फण्या आणि केळी यांच्यात श्रेय साधारण वाटून दिलं जातं एवढंच.

मॉडेलवाली

अंदाजापुरतंच बोलायचं तर मग साध्या रिग्रेशनमध्येही दोन्ही चल ठेवायला हरकत नाही. वजनाचा अंदाज दोन्ही घालून किंवा एक काढून जवळजवळ सारखाच येणार. रिज नेमका कुठे चुकतो यावर मात्र मी पूर्ण सहमत नाही. ६० झाडांत उणे गुणांक छापण्यापेक्षा थोडा झुकलेला पण समंजस गुणांक बरा, असं मला वाटतं.

तापीकाठ

यावर आपलं एकमत होणं कठीण. अंदाजाबद्दल मात्र एक अट घाला : नवी झाडं त्याच घडणीची हवीत. वर रावेरच्या दादांनी लिहिलं ते पुन्हा वाचा. ज्या बागेत सगळ्या घडांवर आठच फण्या ठेवतात, तिथे फण्या आणि केळींचं जुनं नातं तुटलेलं आहे. मामांच्या बागेवर बेतलेलं मॉडेल तिथे नेलं, तर −०.६२ आणि ०.०८५ एकमेकांना सावरून घेणार नाहीत आणि अंदाज भरकटेल. एकाच बागेत हे कधी दिसलंच नसतं.

केळीपान

सर, फण्या आणि फणीमागे केळी असं करून पाहिलं. फण्यांचा टॉलरन्स ०.५२, फणीमागच्या केळींचा ०.८५. फण्यांचा गुणांक ०.८०, एरर ०.३०. फणीमागे एक केळ वाढलं तर ०.७७ किलो, एरर ०.४१. R² तोच, ०.६८.

पण एक गोष्ट खटकली. फणीमागच्या केळींचा टी १.८७ च आला. आधी एकूण केळींचा होता तेवढाच! टॉलरन्स एवढा सुधारला, मग सार्थकता का नाही वाढली?

तापीकाठ

हे तुझं तू पाहिलंस याचा मला फार आनंद झाला. आधीच्या मॉडेलमध्ये फण्या स्थिर ठेवून केळी वाढवणं आणि आताच्या मॉडेलमध्ये फण्या स्थिर ठेवून फणीमागची केळी वाढवणं, हा जवळपास तोच प्रश्न आहे, फक्त नऊच्या पटीत. म्हणून ०.०८५ चे ०.७७ झाले, एररही त्याच पटीत वाढली, टी तिथेच. चल नव्याने मांडल्यामुळे फण्यांचा प्रश्न सरळ झाला, वाचायला सोपा झाला. पण नऊ फण्यांच्या घडात केळी १३९ ते १६१ च आहेत, ही गोष्ट कोणत्याही मांडणीने बदलत नाही. ती बागेतच बदलावी लागेल.

आणि एक राहिलं. मृग आणि कांदेबाग एकत्र आहेत. एका हंगामाची झाडं एकूणच जोमदार असतील तर उंची, घेर, फण्या सगळं बरोबरच वर जाईल आणि टॉलरन्स त्यामुळेही पडेल. हंगाम वेगळे करून बघितलंस का?

केळीपान

आत्ता बघितलं. फण्या आणि एकूण केळी असलेल्या जुन्या मॉडेलमध्ये फण्यांचा टॉलरन्स नुसत्या मृगबागेत ०.११, कांदेबागेत ०.०९. म्हणजे हंगामाचा थोडा हात आहे, पण मुख्य कारण घडच. मृगबागेचा ०.११ तर रेघेच्या वर गेला, पण ३० झाडांत फण्यांची एरर उलट वाढली.

आकडेमोडे

म्हणजे मृगबागेत ०.१ च्या वर आहे तर तिथे दोन्ही ठेवता येतील?

तापीकाठ

०.०९ आणि ०.११ मध्ये निसर्गाने कुंपण घातलेलं नाही. टॉलरन्स एररच्या एका कारणाबद्दल सांगतो. झाडांची संख्या, उरलेली चूक आणि त्या चलातला एकूण फरक ही बाकीची कारणं. ६०० झाडं असती तर ०.०७ लाही काम भागलं असतं. शेवटी एरर बघायची, आणि ती एवढी असताना आपल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं का ते ठरवायचं.

केळीपान

मार्गदर्शकांशी बोलले. त्यांना एकूण केळी हा चल हवाच आहे, कारण आधीच्या प्रबंधांत तो आहे आणि तुलना करता आली पाहिजे. मी म्हटलं, दोन तक्ते देते : पहिला एकूण केळीचा, फण्या न घेता, आणि दुसरा फण्या व फणीमागे केळी असा. पाचही चलांचा मूळ तक्ता टॉलरन्ससकट परिशिष्टात ठेवते, म्हणजे काय काढलं आणि का ते वाचणाऱ्याला दिसेल. दुसऱ्या तक्त्याला त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

रावेरच्या दादा, एक विनंती. तुमच्या बागेत सगळ्या घडांवर सारख्याच फण्या असतील तर तिथे फण्या स्थिर आणि केळी मात्र कमीजास्त, असं मिळेल. मला ३० घड मोजू द्याल का?

तापीकाठ

जरूर मोज, पण तो डेटा या ६० मध्ये मिसळू नकोस. कापलेल्या फण्यांचं अन्न उरलेल्या केळांना मिळतं, त्यामुळे तिथल्या एका केळाचं वजनच वेगळं असेल. वेगळं विश्लेषण कर, आणि फण्या त्या तक्त्यात घालू नकोस. सगळीकडे आठच असतील तर चल उरतच नाही.

रावेरचा शेतकरी

या की ताई. आमच्याकडे काही घडांवर आठ, काहींवर नऊ आहेत, गड्याने जसं केलं तसं, आणि कोणत्यावर किती ते वहीत लिहून ठेवलेलं आहे. मंगळवारी सकाळी सहाला कापणी लागेल. घड झाडावरून उतरला की तिथेच केळी मोजून घ्या. फण्या सुटल्या की कोणती फणी कोणत्या घडाची ते कोणालाच सांगता येत नाही. काटा आमच्याकडे आहे, शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो.